‘घ्या’ की ‘घ्यावे’?

नोव्हेंबर उजाडला की बँकांच्या शाखांमध्ये ज्येष्ठांची गर्दी वाढते. निवृत्तिवेतन चालू राहावे यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि बहुतेकांसाठी त्याचा महिना हाच. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ची डिजिटल सोय झाली, तरी पासबुक पिशवीत घालून स्वतः शाखेत येणारे आजी-आजोबा आजही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी काउंटरच्या काचेवर एक सूचना लावायची असते. वाचणारे सगळे अनोळखी, आणि लिहिणाऱ्यापेक्षा वयाने मोठे. अशा वेळी लिहिणाऱ्याचा हात क्रियापदाच्या शेवटी अडतो. ‘टोकन घ्या’ लिहावे, तर हुकूम सोडल्यासारखे वाटते. ‘टोकन घ्यावे’ लिहावे, तर सभ्य वाटते, पण वाक्य पुढे कुठेतरी अडखळते. मग काही ओळी अशा आणि काही तशा होतात. तयार होणारा कागद साधारण असा असतो:

१. सर्व निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला ३० नोव्हेंबरपर्यंत जमा करा.
२. कृपया आपले आधार कार्ड व पासबुक सोबत आणणे.
३. दाखल्यावर तुमची सही कर्मचाऱ्यासमोर करावे.
४. जुन्या छायाप्रती जोडू नये.
५. ज्येष्ठांनी रांगेत उभे राहू नका, टोकन घेऊन बसावे.
६. ठसा उमटत नसल्यास सांगा.

यातल्या पहिल्या पाच ओळींत प्रत्येकी काहीतरी चुकले आहे. सहावी ओळ बरोबर आहे, आणि तीच सगळ्यांत साधी आहे. या चुकांच्या मुळाशी एक समज आहे: ‘घ्या’ म्हणजे आज्ञा, म्हणून उद्धट, ‘घ्यावे’ म्हणजे विनंती, म्हणून नम्र. ही समज अर्धीच खरी आहे. ‘घ्या’मध्ये आदर आधीच भरलेला आहे. ‘घ्यावे’मध्ये अंतर आहे. ते अंतर कधी सभ्य वाटते, कधी कोरडे, तर कधी चक्क उपदेशासारखे.

‘घ्या’मध्ये काय आहे

मराठी क्रियापदाचे आज्ञार्थी रूप दोन पायऱ्यांवर उभे असते. ‘तू’साठी नुसता धातू: कर, बस, लिही, दे. ‘तुम्ही’साठी त्यापुढे ‘आ’: करा, बसा, लिहा, द्या. हा ‘आ’ अनेकवचनाचा आहे आणि आदराचाही. समोर एकच माणूस असेल तर तो पूर्णपणे आदराचा. म्हणजे ‘आजोबा, बसा’ या दोन शब्दांत आदराची व्यवस्था झालेली असते. तिच्यावर आणखी काही चढवले नाही म्हणून ती उणी पडत नाही.

काही धातू या ‘आ’शी जुळताना रूप बदलतात: घे–घ्या, ये–या, ने–न्या, पी–प्या, हो–व्हा, धू–धुवा. यात मराठी माणूस सहसा चुकत नाही. खरी अडचण जा, खा, गा या धातूंची. ते मुळातच ‘आ’ने संपतात, त्यामुळे ‘तू जा’ आणि ‘तुम्ही जा’ यांत क्रियापद एकच राहते. इथे शेवट आदर दाखवू शकत नाही. तो दुसऱ्या कुठल्यातरी शब्दाला दाखवावा लागतो. म्हणून ‘चार नंबरला जा’ असे एखाद्या वयस्कर माणसाला म्हटले तर ते तुटक लागते आणि ‘काका, तुम्ही चार नंबरला जा’ म्हटले की ठीक होते. बोलणारे लोक वेगळी वाटही काढतात. ‘खा’ऐवजी ‘घ्या’ म्हणतात, नुसत्या ‘जा’ऐवजी ‘जाऊन या’ म्हणतात, आणि पाहुण्याला निरोप देताना ‘जा’ हा शब्द टाळून ‘या’ म्हणतात. त्यात अशुभ टाळण्याचा भाव तर आहेच, शिवाय ‘या’मध्ये आदराचे रूप स्पष्ट ऐकू येते.

व्याकरणात या रूपांना आज्ञार्थ म्हणतात. त्या नावामुळे गैरसमज वाढतो. प्रत्यक्षात आशीर्वाद (‘सुखी राहा’), आर्जव (‘एवढं ऐका’), आमंत्रण (‘कधीतरी घरी या’) आणि प्रार्थना हे सगळे याच रूपात होते. देवाकडे मागणे मागताना आपण ‘दे’ म्हणतो, तो काही हुकूम नसतो. आज्ञा आहे की आर्जव, हे ठरते स्वरावर आणि कोण कोणाला म्हणतो त्यावर.

‘घ्यावे’ कुठून आले

‘घ्यावे’, ‘करावा’, ‘लिहावी’ ही रूपे विध्यर्थाची. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत आज्ञार्थ आणि विध्यर्थ हे वेगळे मानले जातात, ते कारणानेच. विध्यर्थ सांगतो की अमुक गोष्ट होणे योग्य आहे, इष्ट आहे, कर्तव्य आहे किंवा संभवते. ‘खरे बोलावे’ हे कर्तव्य, ‘पाऊस पडावा’ ही इच्छा, ‘आता तो पोचला असावा’ हा अंदाज. यांपैकी कशातही नम्रता नाही.

ही नम्रता मूळची नाही याचा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे हे रूप ‘तू’लाही चालते. ‘तू रोज अभ्यास करावास’, ‘तू लवकर यावेस’ अशी वाक्ये बाप मुलाला म्हणतो. दुसरा पुरावा स्वयंपाकघरात मिळतो. पाककृतींच्या जुन्या पुस्तकांत ‘कांदा बारीक चिरावा, फोडणी करावी, वरून खोबरे घालावे’ अशी भाषा असते. तिथे कोणी वाचणाऱ्या बाईपुढे लवून बोलत नाही. कृती सांगत असतो. काम कसे व्हायला हवे, एवढेच ते वाक्य सांगते.

मग सूचनांमध्ये हे रूप सभ्य का वाटते? कारण त्यात समोरच्याकडे थेट बोट नसते. ‘टोकन घ्या’ हे तुम्हाला उद्देशून आहे. ‘टोकन घ्यावे’ हा इथला रिवाज सांगणारा उद्गार आहे, आणि तो पाळायचा की नाही हे वाचणारा ठरवील, अशी त्यात मोकळीक भासते. अनोळखी माणसाशी लेखी बोलताना हे अंतर उपयोगी पडते. पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ असते, लग्नपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ असते, सरकारी पत्रात ‘अहवाल सादर करावा’ असते, ते याच अंतरामुळे. पत्रिका शेकडो घरांत जाणार असते. ती वाचताना लिहिणारा समोर नसतो.

समोरासमोर मात्र हेच अंतर उलटते. साखरेचा त्रास असलेल्या काकांना पुतण्या ‘काका, गोड खाऊ नका’ म्हणाला, तर ती काळजी वाटते. ‘काका, तुम्ही गोड खाऊ नये’ म्हणाला, तर वयाने लहान माणूस मोठ्याला नियम शिकवतो आहे असे वाटते, कारण विध्यर्थ योग्य काय ते सांगतो आणि योग्य काय ते सांगण्याचा मान मराठी घरात मोठ्यांचा असतो. रूप अधिक ‘सभ्य’ निवडूनही बोलणे अधिक टोचते.

बोलण्यात विध्यर्थ शोभतो तो एका ठिकाणी: स्वागतात. ‘यावं, यावं’, ‘आपण इथे बसावं’, ‘अजून थोडं घ्यावं’. इथे सांगितलेली गोष्ट समोरच्याच्याच सुखाची असते, त्यामुळे उपदेशाचा वास राहत नाही, फक्त मान उरतो. तरीही हा जुन्या वळणाचा, समारंभी मान आहे. रोजच्या घरात ‘या, बसा’ हेच मनापासूनचे वाटते.

सांधा कुठे निखळतो

कोणते रूप घ्यायचे, हा निवडीचा भाग झाला. घेतले ते नीट जोडणे हा व्याकरणाचा भाग आहे, आणि सूचनांमधल्या बहुतेक चुका इथे होतात.

पहिली चूक कर्त्याची. ‘करा’चा कर्ता ‘तुम्ही’ असतो, लिहिलेला असो वा नसो. ‘करावा’चा कर्ता कोणीही असू शकतो आणि तो तिसऱ्या पुरुषातला असला की ‘नी’ घेतो: प्रवाशांनी, नागरिकांनी, ज्येष्ठांनी. म्हणून ‘नागरिकांनी कचरा टाकू नका’ हे वाक्य दोन तुकडे जोडून बनलेले आहे. सुरुवात नागरिकांविषयी बोलते, शेवट नागरिकांशी बोलतो. एक तर ‘नागरिकांनी कचरा टाकू नये’ म्हणावे, नाहीतर ‘नागरिकहो, कचरा टाकू नका’. वाक्यात ‘-नी’ दिसले की शेवटी ‘-आवे’ किंवा ‘नये’ यायला हवे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्या पाट्या सुधारतील.

ही चूक इतकी पसरण्याचे कारणही आहे. मी, तू, आम्ही, तुम्ही, आपण या सर्वनामांना ‘नी’ लागत नाही. ‘तुम्ही दाखला द्या’ आणि ‘तुम्ही दाखला द्यावा’ या दोन्हींत ‘तुम्ही’ तसाच. त्यामुळे दोन रचनांमधला फरक कानाला जाणवत नाही. ‘तुम्ही’च्या जागी ‘सर्वांनी’ आले की तो उघडा पडतो. शाळेच्या मैदानावर ‘सर्वांनी उभे राहा’ असे इतक्या वर्षांपासून ऐकू येते की बोलण्यात ते आता कोणाला खटकत नाही आणि तिथे कोणी अडवूही नये. छापील सूचनेत मात्र ‘सर्वांनी उभे राहावे’ किंवा ‘सर्वजण उभे राहा’ असेच लिहावे.

दुसरी चूक कर्माची. ‘करा’ कोणत्याही कर्मापुढे तसाच राहतो: अर्ज करा, सही करा, काम करा. ‘करावा’ कर्माप्रमाणे बदलतो: अर्ज करावा, सही करावी, काम करावे, अर्ज करावेत, छायाप्रती जोडाव्यात, कागदपत्रे आणावीत. ‘नये’चेही तसेच: ‘छायाप्रत जोडू नये’, पण ‘छायाप्रती जोडू नयेत’, ‘फूल तोडू नये’, पण ‘फुले तोडू नयेत’. कर्म नसेल, किंवा कर्माला ‘ला’ वा ‘ना’ लागला असेल, तर क्रियापद एकवचनी नपुंसकलिंगी राहते: ‘इथे थुंकू नये’, ‘लहान मुलांना आत आणू नये’. जुन्या लिखाणात ‘पैसे भरावे’ असे ‘त’शिवायचे रूपही सापडते आणि बोलण्यातही ते आहे, आजच्या छापील मराठीत ‘पैसे भरावेत’ स्थिरावले आहे.

तिसरी चूक शुद्धलेखनाची, आणि ती लहान आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार राहणे, पाहणे, वाहणे हीच रूपे प्रमाण आहेत. आज्ञार्थात मात्र ‘राहा, पाहा’च्या जोडीला ‘रहा, पहा’ला मुभा आहे. ती मुभा विध्यर्थाला नाही. म्हणून ‘उभे रहा’ चालेल, पण ‘उभे रहावे’ नाही. तिथे ‘राहावे’च हवे. तसेच ‘करावं, यावं’ हे बोलण्याचे चित्रण असेल तिथे ठीक. सूचनेत ‘करावे, यावे’.

‘आणणे’, ‘भरणे’, ‘उभे राहणे’ असा शेवट करून या सगळ्यातून सुटण्याची एक पळवाट लिपिकवर्गात रुळली आहे. ‘पासबुक सोबत आणणे.’ यात कर्ता नाही, कर्माशी जुळवून घेण्याची कटकट नाही, तुम्ही-आपण ठरवण्याची गरज नाही. पण त्याबरोबर माणूसही नाही. ही भाषा कामांच्या यादीला शोभते: पाण्याची टाकी धुणे, दिवे तपासणे. आजोबांना उद्देशून ती वापरली की तेही त्या यादीतले एक काम होतात. आधी ‘कृपया’ जोडले तरी वाक्याचा मूळ थंडपणा जात नाही, कारण कृपा करायला सांगितलेला माणूस वाक्यात कुठेच नसतो.

तोच कागद, दोन तऱ्हांनी

आता बँकेच्या सूचनेकडे वळू. पहिल्या ओळीत ‘निवृत्तिवेतनधारकांनी … करा’ हा निखळलेला सांधा. दुसरीत ‘आणणे’. तिसरीत ‘सही’ स्त्रीलिंगी असून ‘करावे’; शिवाय दुसऱ्या ओळीतले ‘आपले’ इथे ‘तुमची’ झाले. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही आदराचेच आहेत, पण एका कागदावर एकच ठेवावे, नाहीतर दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे वाटते. चौथीत ‘छायाप्रती’ अनेकवचनी, म्हणून ‘नयेत’. पाचवीत ‘ज्येष्ठांनी … नका’ आणि लगेच ‘बसावे’, म्हणजे एकाच ओळीत दोन्ही चाली.

विध्यर्थ निवडला तर कागद असा होईल:

१. निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला ३० नोव्हेंबरपर्यंत जमा करावा.
२. येताना आधार कार्ड आणि पासबुक ही दोन्ही सोबत आणावीत.
३. दाखल्यावरील सही कर्मचाऱ्यासमोर करावी.
४. जुन्या छायाप्रती जोडू नयेत.
५. ज्येष्ठांनी रांगेत उभे राहू नये. टोकन घ्यावे आणि बसावे.
६. ठसा उमटत नसल्यास कर्मचाऱ्यास सांगावे.

हे शुद्ध आहे. घरी पाठवायच्या पत्रात किंवा वर्तमानपत्रातल्या निवेदनात ते शोभेल, कारण तिथे बँक सगळ्या निवृत्तांविषयी बोलत असते. काचेवर लावायचे असेल तर मी दुसरे निवडेन:

१. हयातीचा दाखला ३० नोव्हेंबरपर्यंत जमा करा.
२. येताना आधार कार्ड आणि पासबुक आणा.
३. सही इथे, कर्मचाऱ्यासमोर करा.
४. जुन्या छायाप्रती जोडू नका.
५. रांगेत उभे राहण्याची गरज नाही. टोकन घ्या आणि बसा. आम्ही नाव पुकारू.
६. ठसा उमटत नसेल तर आम्हाला सांगा.

या कागदावर ‘करावा, करावी, करावे’ची वळणे नाहीत, म्हणून चष्म्याआडून वाचणाऱ्याला तो सोपा पडतो. वाचणारा माणूस काचेच्या एका बाजूला आणि बँक दुसऱ्या बाजूला उभी आहे, म्हणून थेट बोलणे स्वाभाविक आहे. पाचवी ओळ विशेष पाहण्यासारखी आहे. ‘उभे राहू नका’ आणि ‘उभे राहू नये’ ही दोन्ही मनाईची रूपे. इथे तर मनाई करायचीच नव्हती. सवलत द्यायची होती. सवलतीला मनाईचे रूप दिले की रांगेत उभ्या असलेल्या आजींना आपले काही चुकले असे वाटते. ‘गरज नाही’ म्हटल्यावर ते ओझे जाते. क्रियापदाचा शेवट निवडण्याआधी आपण सांगतो आहोत की रोखतो आहोत की सूट देतो आहोत, हे ठरवायला हवे. चुकीच्या वाक्याला बरोबर प्रत्यय लावून ते आदराचे होत नाही. आणि ‘आम्ही नाव पुकारू’मुळे कागदावर दुसरी बाजूही आली. तुम्ही हे करा, आम्ही ते करतो, असे म्हटले की ‘करा’मध्ये हुकुमाचा अंश राहत नाही.

धोक्याच्या सूचनेत तर हा प्रश्न पडूच नये. विजेच्या डब्यावर ‘हात लावू नका’ हेच हवे. ‘हात लावू नये’ वाचताना तो एक चांगला नियम वाटतो. ‘नका’ वाचताना हात मागे येतो.

काउंटरच्या पलीकडून

लिहिलेल्या कागदाला स्वर नसतो, बोलणाऱ्याला असतो. त्यामुळे बोलताना प्रत्ययापेक्षा आजूबाजूच्या छोट्या शब्दांवर जास्त भार पडतो. ‘कृपया’ हा लेखी शब्द आहे. बोलताना त्याचे काम ‘जरा’, ‘तेवढं’, ‘ना’, ‘हं’ करतात. ‘आजी, अंगठा जरा इथे ठेवा हं.’ कोल्हापूर-साताऱ्याकडे ‘बसा की’, वऱ्हाडात ‘बसा ना जी’, मालवणीत ‘येवा’. त्या त्या भागात अनोळखी वडीलधाऱ्याशी बोलण्याची ही पुरेशी आदराची रीत आहे. ‘की’ ऐकून पुण्या-मुंबईच्या माणसाला ते सलगीचे वाटले, तरी बोलणाऱ्याच्या मनात सलगी नसते.

बोलण्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते: सांगितलेल्या कामाचा फायदा कोणाला? फायदा समोरच्याचा असेल तर सरळ ‘आ’च सर्वांत प्रेमळ. ‘बसा’, ‘पाणी घ्या’, ‘पंख्याखाली या’. इथे ‘आपण बसाल का?’ असा प्रश्न केला तर आतिथ्य पातळ होते. पाहुण्याने आता हो म्हणायचे की नाही, असा पेच त्याच्यावर पडतो. फायदा बोलणाऱ्याचा असेल, तर उलट. बसमध्ये अनोळखी काकांना ‘सरका’ म्हटले तर रूप आदराचे असूनही ते उद्धट होते. तिथे ‘काका, जरा सरकता का?’ किंवा ‘थोडी जागा द्याल का?’ हवे, कारण आपण त्यांच्याकडून काही मागतो आहोत आणि नाही म्हणायला जागा ठेवणे हेच तिथले सौजन्य आहे. बँकेतही ‘टोकन घ्या’ हे त्यांच्या सोयीचे, तर ‘साहेब जेवायला गेलेत, थोडं थांबा’ हे आपल्या सोयीचे. दुसऱ्या ठिकाणी ‘थोडं थांबता का?’ म्हणणे रास्त.

हल्ली ‘करू शकाल का?’ हे फार ऐकू येते. ते चूक नाही, पण वयस्कर माणसाशी बोलताना जपून वापरावे. ‘शकणे’ मराठीत अजून खऱ्या क्षमतेबद्दल आहे. ‘तुम्ही सही करू शकाल का?’ असे विचारले, तर आजोबांना आपला हात थरथरतो हे याने पाहिले असे वाटू शकते. एखाद्या आजींना आपल्या शिक्षणाविषयी शंका घेतली असे वाटू शकते. ‘इथे सही करा’ यात ती शंका नाही. आणि वय झाल्यावर बोटांवरच्या रेषा पुसट होतात, यंत्र ठसा घेत नाही, तेव्हा ‘तुमचा अंगठा येत नाही’ असे न म्हणता ‘दुसरं बोट ठेवून बघा’ म्हणावे. पहिल्या वाक्यात अज्ञार्थ नाही, पण दोष आहे. दुसऱ्यात आज्ञार्थ आहे आणि दोष नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आणखी एका शेवटाची. दवाखान्यांत आणि वृद्धांची देखभाल करणाऱ्या ठिकाणी ‘आजोबा, आता गोळी घेऊ या’, ‘आजी, कूस बदलू या’ असे बोलणे रुळत चालले आहे. ‘घेऊ या’मध्ये बोलणारा स्वतःलाही धरतो. दोघे मिळून चालणार असतील तर ‘हळूहळू चालू या’ हे सुंदर वाक्य आहे. गोळी मात्र आजोबा एकटेच घेणार आहेत. असा ‘या’ आपण एरवी वापरतो तो दोन-तीन वर्षांच्या मुलाशी: ‘चला, आता भात संपवू या’. बोलणाऱ्याचा हेतू मायेचाच असतो, यात शंका नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर ‘घ्या, बसा, सांगा’ ऐकले, त्याला आजारपणात अचानक लहान मुलाचे रूप मिळते. आदराचा ‘आ’ माणसाला मोठा ठेवतो; ‘आजोबा, गोळी घ्या, पाणी इथे ठेवलंय’ यात माया कमी होत नाही.

हे सगळे अनोळखी माणसांसाठी. घरात हिशोब वेगळा असतो. आईला आणि आजीला ‘तू’ म्हणणारी असंख्य मराठी घरे आहेत, आणि तिथे ‘आई, तू बस, मी करतो’ यात आदराची काहीच कमतरता नाही. त्याच आईला कोणी ‘तुम्ही बसावे’ म्हटले तर ती घाबरून विचारील, काय झाले? तो ‘तू’ वर्षानुवर्षांच्या सहवासाने मिळालेला असतो. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याजवळ किंवा नर्सजवळ तो सहवास नसतो. म्हणून अनोळखी आजींना माझे उत्तर साधे आहे: नात्याने हाक मारा, ‘तुम्ही’ धरा, क्रियापदाला ‘आ’ लावा आणि काम आपले असेल तर ‘जरा’ जोडून प्रश्नाने विचारा. ‘-आवे’ राखून ठेवा पत्रांसाठी, नियमांसाठी आणि दारात आलेल्या पाहुण्याच्या स्वागतासाठी. आणि वापराल तेव्हा कर्त्याचा ‘नी’ आणि कर्माचे लिंग-वचन तपासूनच कागद काचेवर लावा.